महिनाअखेरच्या खाते उताऱ्याच्या ईमेलबाबत घाऊक वितरकाच्या लेखा विभागास खुले पत्र

प्रति,
लेखा व वसुली विभागाचे प्रमुख,
बेकरी व्यवसायाला मैदा, लोणी, यीस्ट वगैरे माल पुरवणारी आमच्या जिल्ह्यातील घाऊक वितरक पेढी

स. न. वि. वि.

आपल्या पेढीने उधारीवर माल घेणाऱ्या सर्व ग्राहकांना नुकतेच एक परिपत्रक पाठवले आहे. यापुढे महिनाअखेरचा खाते उतारा फक्त ईमेलने येईल, वसुलीसाठी येणारा आपला माणूस छापील उतारा घेऊन येणार नाही, खात्यासंबंधी चौकशी दूरध्वनीवर स्वीकारली जाणार नाही आणि ईमेल मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर उताऱ्यातील बाकी ग्राहकाला मान्य आहे असे धरले जाईल, असे त्यात म्हटले आहे. ईमेलने उतारा पाठवण्याला कोणाचीच हरकत नसावी, माझी तर नाहीच. मात्र जो उतारा वाचून ग्राहकाला आपण किती देणे लागतो हेच कळत नाही, त्यावर त्याचे मौन ही संमती मानण्याचा निर्णय मला गप्प राहून स्वीकारता येत नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. पेढीचे नाव मुद्दाम घेतलेले नाही, कारण अशाच घडणीचे उतारे इतर वितरकांकडूनही येतात आणि हे पत्र त्यांनाही लागू पडते.

मी सांगली परिसरातील लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहितो. त्याआधी एका घाऊक पेढीच्या उधारी विभागात नोकरीला होतो. असे उतारे काढून पाठवण्याचे काम मी केले आहे आणि आता ते ग्राहकांना समजावून सांगण्याचेही काम करतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणी ना कोणी मोबाइलवर आपला ईमेल उघडून माझ्यासमोर धरतो आणि विचारतो, ‘नक्की किती भरायचे ते सांगा.’ विचारणारे लोक अडाणी नाहीत. कोणी बेकरी चालवतो, कोणाचा केटरिंगचा व्यवसाय आहे, एक बाई वसतिगृहाच्या भोजनालयाची व्यवस्था पाहतात. रोजची विक्री, मजुरी, गॅस, वीज यांचा हिशेब त्यांच्या तोंडपाठ असतो. त्यांनी लेखाशास्त्र शिकलेले नाही, एवढेच.

प्रत्यक्षात काय होते, हे एका खात्यावरून दाखवतो. बेकरी चालवणाऱ्या एका ताईंचे आपल्याकडे तीस दिवसांच्या उधारीचे खाते आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांच्याकडे जुलैची दोन बिले बाकी होती : ११ जुलैचे बिल क्रमांक ११८७, रक्कम २१,४०० रुपये, आणि २४ जुलैचे बिल क्रमांक १२६४, रक्कम २७,२०० रुपये. दोन्ही मिळून ४८,६०० रुपये. ऑगस्टमध्ये त्यांनी आणखी दोनदा माल घेतला, ६ तारखेला १८,९०० रुपयांचा आणि २२ तारखेला १६,२५० रुपयांचा. पहिल्या बिलाचे २१,४०० रुपये त्यांनी ९ ऑगस्टला, म्हणजे मुदत संपायच्या आदल्या दिवशी, एनईएफटीने भरले. दुसऱ्या बिलातील लोण्याचे काही खोके खराब निघाले होते. ते आपण परत घेतले आणि १९ ऑगस्टला ३,१५० रुपयांची क्रेडिट नोट काढली. ती वजा करून उरलेले २४,०५० रुपये ताईंनी २६ ऑगस्टला भरले. या बिलाची मुदत २३ तारखेला संपत होती, म्हणजे तीन दिवस उशीर झाला.

एवढे व्यवहार समोर ठेवले तर पाचवीतला मुलगाही सांगेल की जुलैची दोन्ही बिले फिटली, ऑगस्टची दोन बाकी राहिली आणि त्यांची बेरीज ३५,१५० रुपये आहे. त्या दोघांचीही मुदत ऑगस्टअखेर संपलेली नव्हती. पहिल्याची ५ सप्टेंबरला, तर दुसऱ्याची २१ सप्टेंबरला संपणार होती.

आता आपल्या ईमेलने ताईंना काय सांगितले ते पाहू. विषयाच्या ओळीत ‘एसओए’, ग्राहकाचा सांकेतिक क्रमांक आणि ‘सिस्टम जनरेटेड’ हे शब्द. आत पहिले वाक्य असे की ओव्हरड्यू रक्कम तात्काळ क्लिअर करावी, अन्यथा खाते क्रेडिट होल्डवर राहील. खाली तक्ता. त्यात ओपनिंग बॅलन्स ४८,६०० डीआर, मग ओळीने ‘सेल्स’, ‘रिसीट’, ‘सीएन’, ‘डीएन’ असे प्रकार, प्रत्येकासमोर डेबिट आणि क्रेडिटचे रकाने, दोन रिसीटसमोर ‘ऑन अकाउंट’, क्रेडिट नोटसमोर ‘न्यू रेफ’, शेवटी क्लोजिंग बॅलन्स ३५,४७९ डीआर. त्याखाली ‘एजिंग’चा दुसरा तक्ता : शून्य ते तीस दिवसांच्या रकान्यात ३५,४७९, एकतीस ते साठ दिवसांच्या रकान्यात ४८,६००, आणि ‘अनॲलोकेटेड क्रेडिट्स’ या रकान्यात कंसात पुन्हा ४८,६००. तळाला बारीक अक्षरात ‘ई अँड ओई’.

ताईंनी यावरून मांडलेला हिशेब असा : मुदत उलटलेले ४८,६०० आणि क्लोजिंगचे ३५,४७९, म्हणजे एकूण देणे ८४,०७९ रुपये. लेखाशास्त्रात कंसातली रक्कम वजा धरतात, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. शाळेत आपण कंसात स्पष्टीकरण लिहायला शिकतो, त्यामुळे तीच रक्कम कंसात पुन्हा दिसल्यावर ती जोर देण्यासाठी लिहिली असावी असे त्यांना वाटले. दुसरीकडे गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर असताना आपल्या गोदामाने माल थांबवला होता. पैसे भरलेल्या पावत्या हातात असूनही त्या दोन दिवस उसनवारीच्या विचारात होत्या, आणि आपल्या परिपत्रकाप्रमाणे फोन करण्याची सोयही उरली नव्हती.

यातून माझी पहिली तक्रार निघते. आपला उतारा आपल्या खतावणीच्या बाजूने लिहिलेला असतो आणि वाचायला मात्र ग्राहकाला दिला जातो. ताईंनी पैसे भरले तेव्हा त्यांच्या बँकेचा संदेश आला की खात्यातून २१,४०० रुपये डेबिट झाले. तीच रक्कम आपल्या उताऱ्यात क्रेडिटच्या रकान्यात आहे. दोन्ही बरोबर आहेत, कारण बँक तिच्या वहीतले ताईंचे खाते दाखवते आणि आपण आपल्या वहीतले. बँकेच्या खात्यात शिल्लक असली की ती सीआर असते आणि ते चांगले लक्षण असते, हे लोक पासबुकावरून शिकलेले आहेत. आपल्या उताऱ्यातला डीआर म्हणजे ग्राहकाने पेढीला द्यायची रक्कम, आणि सीआर म्हणजे पेढीकडे त्याचे जास्तीचे पैसे. हे कोठेही लिहिलेले नसते. जुन्या दुकानांच्या वह्यांत ‘नावे’ आणि ‘जमा’ असत. तेही नवख्याला सोपे नव्हते, पण तो हिशेब समोर बसून वाचून दाखवला जाई. आता वाचून दाखवणारा माणूस आपणच काढून घेतला आहे. मग रकान्यांची नावे ‘आपण घेतलेला माल’ आणि ‘आपल्याकडून मिळालेले किंवा वजा केलेले’ अशी ठेवण्यात पेढीचे काही बिघडत नाही. डेबिट आणि क्रेडिट आपल्या खतावणीत आहेत तसेच राहतील.

दुसरी तक्रार दिवस मोजण्याबद्दल आहे. एजिंगच्या तक्त्यात बिल ११८७ एकतीस ते साठ दिवसांच्या रकान्यात आहे, कारण बिलाच्या तारखेपासून ऑगस्टअखेर ५१ दिवस होतात. त्याच ईमेलमधल्या व्याजाच्या आकारणीत मात्र ते २१ दिवस उशिराचे आहे, कारण तिथे मोजणी मुदत संपल्यापासून केली आहे. एकाच बिलाबद्दल दोन आकडे, आणि कोणता कशापासून मोजला याचा उल्लेख नाही. बिलाचे वय किती याच्याशी ग्राहकाला काही कर्तव्य नसते. पैसे कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, हे त्याला हवे असते. वयाचे गट आपल्या वसुलीच्या बैठकीत कामाचे आहेत, कारण कोणत्या खात्याकडे आधी माणूस पाठवायचा ते त्यावरून ठरते. ते तिथेच राहू द्यावेत.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकरताच हे पत्र थोडे लांबले तरी चालेल असे मी ठरवले. आपल्या ईमेलमधले कठीण शब्द काढून सोपे घालावेत, एवढीच ही मागणी नाही. त्यांतील काही शब्दांच्या मागे आपल्याच विभागाचे न झालेले काम दडलेले आहे. ‘ऑन अकाउंट’ आणि ‘अनॲलोकेटेड’ हे ते शब्द. त्यांचा साधा अर्थ असा की पैसे मिळाले आहेत, पण ते कोणत्या बिलापोटी धरायचे हे आम्ही अजून ठरवलेले नाही.

हे कसे होते ते मला चांगले माहीत आहे. एनईएफटीने आलेल्या रकमेसोबत बँकेच्या यादीत पाठवणाऱ्याचे नाव आणि यूटीआर क्रमांक दिसतो, बिलाचा क्रमांक बहुधा नसतो. पावती नोंदवणाऱ्या मुलापुढे शंभर नोंदी असतात. सॉफ्टवेअर त्याला विचारते की ही रक्कम कोणत्या बिलापोटी, आणि ‘ऑन अकाउंट’ निवडले की प्रश्न मिटतो आणि पुढची नोंद घेता येते. क्रेडिट नोट तर अनेकदा गोदामाकडच्या माहितीवरून वेगळाच माणूस टाकतो आणि मूळ बिलाला न जोडता तिला स्वतंत्र संदर्भ देतो. खात्याची एकूण बाकी यामुळे बदलत नाही, म्हणून महिनाअखेरीस ताळा जमतो आणि कोणाला काही खटकत नाही. बिलवार पाहिले की मात्र फिटलेली बिले उघडीच दिसतात. सॉफ्टवेअर त्यांना मुदत उलटलेली म्हणते, त्यांच्यावर व्याज लावते, गोदामाला माल थांबवायचा इशारा देते आणि ग्राहकाला ताकीद पाठवते. ताईंच्या खात्यात ‘मुदत उलटलेले’ आणि ‘न लावलेले’ हे दोन्ही आकडे ४८,६०० असे अगदी जुळत होते. हा योगायोग नव्हे. दोन रिसीट आणि एक क्रेडिट नोट मिळून नेमकी त्या दोन बिलांची रक्कम होते. उतारा पाठवण्यापूर्वी कोणी एकदा जरी पाहिले असते तरी ते लक्षात आले असते.

याची किंमतही मोजता येते. आपल्या बिलावर उशिराच्या पैशांना द. सा. द. शे. १८ दराने व्याज लिहिलेले आहे. सॉफ्टवेअरने बिल ११८७ वर २१ दिवसांचे सुमारे २२२ रुपये आणि बिल १२६४ च्या पूर्ण रकमेवर ८ दिवसांचे सुमारे १०७ रुपये धरून ३२९ रुपयांची डेबिट नोट टाकली. प्रत्यक्षात पहिले बिल वेळेत फिटले होते. दुसऱ्यात परत घेतलेला माल वजा जाता २४,०५० रुपयांवर ३ दिवसांचे व्याज होते, ते सुमारे ३६ रुपये. व्याजावरच्या जीएसटीचा भाग मी इथे बाजूला ठेवला आहे. म्हणजे २९३ रुपये ताईंकडून विनाकारण मागितले गेले. रक्कम लहान आहे, आणि लहान असल्यामुळेच ती कोणी भांडून मागत नाही. उताऱ्यात तिची ओळख ‘डीएन, ओव्हरड्यू इंटरेस्ट’ एवढीच होती. कोणत्या बिलावर, किती दिवसांचे, कोणत्या दराने, यांतले एकही उत्तर नव्हते. मला हे शोधायला सर्व बिले, बँकेचे संदेश आणि क्रेडिट नोट समोर घेऊन बसावे लागले. ज्यांचा हिशेब लिहिणारा कोणी नाही ते ग्राहक ही रक्कम भरून मोकळे होतात.

म्हणून माझे म्हणणे असे की सोप्या भाषेत उतारा लिहायचा नियम केला तर हे काम आपोआप उघडे पडेल. ‘अनॲलोकेटेड क्रेडिट्स’ असे छापता येते. ‘आपले ४८,६०० रुपये आमच्याकडे आले आहेत, पण ते कोणत्या बिलाचे ते आम्ही पाहिलेले नाही, तरीही आपण ४८,६०० रुपये थकवले आहेत असे आम्ही म्हणतो’ असे वाक्य मात्र कोणताही लेखापाल सहीनिशी पाठवणार नाही. तो आधी नोंद दुरुस्त करील. खरोखरच कशापोटी ते कळत नसेल तर ग्राहकाला विचारील.

चौथी तक्रार सात दिवसांच्या अटीबद्दल. तळाशी आपण ‘ई अँड ओई’ लिहिता, म्हणजे आमच्याकडून चूक किंवा काही राहून गेले असल्यास ते नंतर दुरुस्त करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. आपल्या चुकीला मुदत नाही आणि ग्राहकाच्या मौनाला सात दिवस, ही विभागणी न्याय्य नाही. आपल्याला याचा कायदेशीर उपयोगही फारसा नाही. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे कर्जाची कबुली लेखी आणि देणेकऱ्याच्या सहीची असावी लागते, तेव्हाच दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. उत्तर न देणे म्हणजे सही नव्हे. लेखापरीक्षकाच्या दृष्टीनेही, बाह्य पुष्टीसंबंधीच्या एसए ५०५ या मानकानुसार, ‘मान्य नसेल तरच कळवा’ या पद्धतीने मिळणारा पुरावा प्रत्यक्ष उत्तरापेक्षा कमी भरवशाचा मानला जातो. वर्षाखेरीस बाकीची खरी पुष्टी हवी असेल तर तिचे स्वतंत्र पत्र असते, त्यावर ग्राहक सही करतो, आणि ते जपून वाचण्याचे महत्त्व त्याला समजावून सांगता येते. महिन्याच्या ईमेलवर हे ओझे टाकू नये.

आता कोणते शब्द ठेवायचे, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर सोपे करण्याच्या नादात उपयोगाची माहितीच गळून जाईल. बिल क्रमांक आणि तारीख हवीच. यूटीआर क्रमांक हवा, कारण बँकेत रक्कम शोधायची तर तोच लागतो. ‘क्रेडिट नोट’ हे नावही राहू द्यावे. त्या कागदावर तेच छापलेले असते, जीएसटीच्या नोंदीत तेच असते, आणि ज्या ग्राहकाने त्या मालावरच्या कराची वजावट घेतली आहे त्याला तिचा क्रमांक व तारीख लागते. फक्त ती कशाबद्दल काढली हे पुढे चार शब्दांत लिहावे. ज्यांचे सनदी लेखापाल पूर्ण खतावणी मागतात त्यांच्यासाठी आत्ताचा तक्ता जसाच्या तसा जोडपत्र म्हणून पाठवावा. ईमेलचा मजकूर मात्र ज्याने पैसे भरायचे त्याच्यासाठी असावा. ताईंना ऑगस्टअखेर जो ईमेल यायला हवा होता तो मी असा लिहिला असता :

> विषय : ३१ ऑगस्टअखेर आपल्याकडून येणे ३५,१८६ रुपये. यापैकी ३६ रुपये आता, उरलेले ५ आणि २१ सप्टेंबरपर्यंत
>
> नमस्कार,
>
> ३१ ऑगस्टअखेर आपल्याकडून पुढील रकमा येणे आहेत.
>
> बिल १३४१ (६ ऑगस्ट) : १८,९०० रुपये, ५ सप्टेंबरपर्यंत
> बिल १४२० (२२ ऑगस्ट) : १६,२५० रुपये, २१ सप्टेंबरपर्यंत
> बिल १२६४ चे पैसे ३ दिवस उशिरा आल्याबद्दल व्याज (२४,०५० रुपयांवर, वार्षिक १८ टक्के) : ३६ रुपये, आता
>
> ऑगस्टमध्ये आपल्याकडून मिळालेल्या रकमा अशा लावल्या आहेत. ९ ऑगस्टचे २१,४०० रुपये बिल ११८७ पोटी. ते पूर्ण फिटले. २६ ऑगस्टचे २४,०५० रुपये आणि परत घेतलेल्या लोण्याची ३,१५० रुपयांची क्रेडिट नोट (१९ ऑगस्ट) बिल १२६४ पोटी. तेही पूर्ण फिटले.
>
> ३१ ऑगस्टपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा झालेल्या रकमाच यात धरल्या आहेत. आमच्या प्रतिनिधीकडे दिलेला चेक वटायचा असेल तर तो पुढच्या उताऱ्यात दिसेल.
>
> यातील काही आपल्या नोंदीशी जुळत नसेल तर याच ईमेलला उत्तर द्यावे किंवा आमच्या कार्यालयात फोन करावा.

यात कोणतीही लेखाशास्त्रीय माहिती गाळलेली नाही. मागील बाकी वेगळी दाखवलेली नाही, कारण ती ज्या बिलांची होती त्यांचे काय झाले तेच लिहिले आहे. चेकविषयीचे वाक्य किरकोळ वाटेल, पण महिनाअखेरीची निम्मी भांडणे तिथून उद्भवतात असा माझा अनुभव आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, त्यामुळे तिथे अडचण कमी. प्रतिनिधीच्या खिशातला २९ तारखेचा चेक मात्र ग्राहकाच्या दृष्टीने भरलेला असतो आणि आपल्या वहीत अजून आलेलाच नसतो. पैसे केव्हापर्यंतचे धरले ते स्पष्ट लिहिले की दोघांचेही म्हणणे खरे ठरते.

आपल्याकडून कोणती अडचण पुढे येईल याची मला कल्पना आहे. सॉफ्टवेअर हाच नमुना देते, हे उत्तर मला यापूर्वी मिळाले आहे. छापण्याचा आणि ईमेलचा नमुना बदलण्याची सोय आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. आपले बिल आपल्या चिन्हासह, आपल्या अटींसह छापले जाते, ते त्याच सोयीमुळे. बिले आणि पावत्या एकमेकांना लावलेल्या असतील तर कोणती बिले बाकी आहेत आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा कोणत्या, याची यादी काढणे अवघड नाही. लावलेल्या नसतील तर अडचण नमुन्याची नाही, ती वर सांगितलेली आहे. इतक्या ग्राहकांची खाती दर महिन्याला तपासायला माणसे नाहीत, हे म्हणणे मी जास्त गंभीरपणे घेतो. त्यावर माझी सूचना अशी की सर्व खाती तपासू नका. ज्या खात्यांत बिलाला न लावलेली रक्कम शिल्लक आहे आणि त्याच वेळी मुदत उलटलेले बिलही दिसते, तेवढीच वेगळी काढा. त्यांचे ईमेल रोखून ठेवा, आधी त्या नोंदी लावा, मग पाठवा. ही यादी सॉफ्टवेअरच काढून देईल, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर ती आखूड होत जाईल.

ग्राहकांच्या बाजूनेही एक काम आहे, ते मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी बिल क्रमांक लिहा. तो नेहमीच आपल्या बँकेच्या यादीपर्यंत पोहोचेल याची खात्री नसते, म्हणून एका बिलापोटी नेमकी तेवढीच रक्कम पाठवा आणि क्रमांक ईमेलनेही कळवा. यासाठी आपण एक ठरावीक ईमेल पत्ता दिलात आणि पावती नोंदवणाऱ्याने तो रोज पाहिला, तर निम्मे ‘ऑन अकाउंट’ जागीच मिटतील.

आता मागण्या, थेट शब्दांत. सात दिवसांत हरकत न आल्यास बाकी मान्य धरण्याची अट मागे घ्यावी. खात्याच्या चौकशीसाठी फोन पुन्हा सुरू करावा, दिवसभर शक्य नसेल तर ठरावीक दोन तास तरी. महिनाअखेरच्या ईमेलमध्ये एकूण येणे किती, कोणत्या बिलाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सर्वांत वर साध्या मराठीत असावे, आणि ज्या ग्राहकाला हिंदी, कन्नड किंवा इंग्रजी हवी असेल त्याला ती मिळावी. मिळालेली प्रत्येक रक्कम कोणत्या बिलापोटी धरली ते लिहावे. व्याज लावायचे असेल तर बिल, रक्कम, दिवस आणि दर या चारही गोष्टी त्याच ओळीत असाव्यात. बिलाला न लावलेली रक्कम खात्यात पडून असताना त्या ग्राहकाचा माल थांबवू नये आणि त्याच्यावर व्याजही आकारू नये. याखेरीज, ताईंच्या खात्यातील ३२९ रुपयांची डेबिट नोट रद्द करून योग्य व्याजाची नवी काढावी, आणि ज्या इतर खात्यांत याच कारणाने जास्त व्याज लागले असेल तिथेही तशी दुरुस्ती करावी. ती खाती कोणती हे ग्राहकांना कळणार नाही. ते आपल्यालाच शोधावे लागेल.

वरील नमुना आपल्याला हवा तसा वापरावा, त्यात बदल करावा, माझे नाव कोठेही लावण्याची गरज नाही. लागल्यास मी आपल्या कार्यालयात येऊन, पावती नोंदवणाऱ्या मंडळींसोबत बसून, चार-पाच खात्यांवर तो करून दाखवायला तयार आहे. सप्टेंबरअखेरचा उतारा निघण्यापूर्वी आपला निर्णय सर्व ग्राहकांना लेखी कळवावा, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिणारा एक हिशेबनीस,
सांगली